कोणता रुपया किती दिवस राबला?

१९९५ साली चार लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५ मध्ये साठ लाखांना विकला गेला, असं समजा. हा व्यवहार घरात आणि नातेवाइकांत ‘पंधरा पट झाले’ म्हणून सांगितला जातो. टक्क्यांत मांडला तर फायदा १,४०० टक्के होतो. आकडा खरा आहे, पण त्यात तीस वर्षं कुठेच दिसत नाहीत. चाराचे साठ दहा वर्षांत झाले असते तरी टक्केवारी हीच आली असती आणि शंभर वर्षांत झाले असते तरीही हीच. या टक्केवारीला बाजारात ॲब्सोल्यूट रिटर्न म्हणतात. आपण तिला एकूण परतावा म्हणू. आलेल्या रकमेतून घातलेली रक्कम वजा करायची आणि बाकीला घातलेल्या रकमेने भागायचं, एवढाच तिचा हिशेब.

काळ हिशेबात घ्यायचा तर पहिला मोह तीसने भागण्याचा होतो. १,४०० भागिले ३० म्हणजे वर्षाला जवळजवळ ४७ टक्के. हे उत्तर साफ चुकीचं आहे, कारण पहिल्या वर्षी वाढलेल्या किमतीवर दुसऱ्या वर्षीची वाढ होते आणि त्या दोन्हींवर तिसऱ्या वर्षीची. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: दर वर्षी समान दराने चक्रवाढ झाली असती, तर चाराचे साठ व्हायला तीस वर्षांत कोणता दर लागला असता? त्या दराला चक्रवाढ वार्षिक वाढदर, म्हणजेच सीएजीआर म्हणतात. शेवटच्या रकमेला पहिल्या रकमेने भागा, जितकी वर्षं तितकं मूळ काढा आणि त्यातून एक वजा करा. मोबाइलवरच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत होतं:

```
=(60/4)^(1/30)-1
```

उत्तर साधारण साडेनऊ टक्के येतं. वाईट नाही, पण ‘पंधरा पट’ ऐकून डोळ्यांपुढे जे उभं राहतं तेही नाही. आणि फ्लॅट घेतला त्या काळात पीपीएफवर बारा टक्के व्याज मिळत होतं, हेही लक्षात असू द्यावं. मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स, रंगरंगोटी आणि नोंदणीचा खर्च अजून धरलेलाच नाही. दुसऱ्या बाजूने, त्या घरात राहून वाचलेलं भाडंही धरलेलं नाही.

एकरकमी पैसे घातले आणि एकरकमी काढले, मध्ये काही घातलं नाही की घेतलं नाही, अशा व्यवहाराला सीएजीआर अगदी चपखल बसतो. मुदत ठेव, सोन्याचं एक नाणं, एकदाच घेतलेले शेअर, सगळ्यांना तो चालतो. एक वर्षाहून कमी काळ झाला असेल तर मात्र एकूण परतावाच पाहावा. तीन महिन्यांची वाढ वर्षभराच्या दरात फुगवून सांगण्यात अर्थ नसतो. त्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

अडचण सुरू होते ती पैसे हप्त्याहप्त्याने जातात तेव्हा. पगारदार माणसाची बहुतेक बचत आज अशीच होते. म्युच्युअल फंडातल्या एसआयपीचं सरळ उदाहरण घेऊ. दर महिन्याच्या एक तारखेला दहा हजार, असे बारा हप्ते. भरले एक लाख वीस हजार. वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी खात्यात एक लाख सत्तावीस हजार दिसतात. एकूण परतावा ५.८ टक्के. इथे अनेक जण म्हणतात, बँक सात टक्के देते, मग ही जोखीम कशाला? आणि एसआयपी बंद करतात.

हा निर्णय चुकीच्या आकड्यावर घेतलेला असतो. एप्रिलचा हप्ता पूर्ण बारा महिने राबला, मेचा अकरा, आणि मार्चचा तर जेमतेम एक महिना. बारापासून एकपर्यंतच्या महिन्यांची सरासरी काढली तर साडेसहा येते. म्हणजे आपला रुपया सरासरीने साडेसहा महिनेच कामाला होता. ५.८ टक्के हे साडेसहा महिन्यांचं उत्पन्न आहे आणि आपण त्याची तुलना बारा महिन्यांच्या व्याजाशी करत होतो. बँकेच्या आवर्ती ठेवीत सात टक्क्यांनी हेच बारा हप्ते भरले असते तर व्याज साधारण साडेचार हजार मिळालं असतं, आठ हजार चारशे नव्हे. इथे मात्र सात हजार मिळाले आहेत. या एसआयपीचा खरा वार्षिक दर अकरा टक्क्यांच्या आसपास आहे.

हा अकरा आला कुठून? मूळ काढण्याची आधीची युक्ती इथे लागत नाही, कारण ‘किती वर्षं’ याला एकच उत्तर नाही. प्रत्येक हप्त्याचं उत्तर वेगळं आहे. हाताने करून पाहता येईल असा छोटा हिशेब घेतला की हे स्पष्ट होतं.

दोन बहिणी आहेत. दोघींनी तीन वर्षांत प्रत्येकी तीन लाख गुंतवले आणि तीन वर्षांनी दोघींकडे तीन लाख साठ हजार आहेत. दोघींचा एकूण परतावा २० टक्के. थोरलीने तीनही लाख पहिल्याच दिवशी घातले होते, तेव्हा तिला सीएजीआर लावता येतो. तो ६.३ टक्के येतो. धाकटीने पहिल्या दिवशी एक लाख घातले आणि उरलेले दोन लाख तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे शेवटच्या फक्त एका वर्षासाठी. तिचे दोन लाख रुपये बारा महिनेच राबले आणि तरी तिने थोरलीइतकीच मजल मारली. तिचा दर जास्त असणार हे उघड आहे. किती जास्त, ते अंदाज धरून शोधावं लागतं.

समजा दर १० टक्के. मग पहिल्या लाखाचे तीन वर्षांत १,३३,१०० होतात आणि दोन लाखांचे एका वर्षात २,२०,०००. बेरीज ३,५३,१००. हातात आहेत ३,६०,०००, तेव्हा अंदाज कमी पडला. १२ टक्के धरून पाहू: १,४०,४९३ आणि २,२४,०००, एकूण ३,६४,४९३. हा जास्त झाला. ११ टक्क्यांना ३,५८,७६३ येतात, थोडे कमी. ११.२ टक्क्यांना ३,५९,९०४, म्हणजे जवळजवळ नेमके. धाकटीचा दर ११.२ टक्के.

एक्सआयआरआर नावाचं जे गणित सगळी फंड ॲप दाखवतात, ते हेच आहे. प्रत्येक रक्कम तिच्या स्वतःच्या तारखेपासून आजपर्यंत चक्रवाढीने वाढवायची. मध्ये काढलेल्या रकमाही तशाच त्यांच्या तारखेपासून वाढवून वजा करायच्या. ज्या एका दराने बेरीज आजच्या किमतीशी जुळते, तो दर आपला. सूत्रात पटकन बसणारं उत्तर नसल्यामुळे संगणकही अंदाज धरतो, चूक पाहतो आणि अंदाज सुधारतो. फरक इतकाच की तो वर्षांऐवजी दिवस मोजतो आणि ३६५ने भागतो. त्यामुळे पाच तारखेचा हप्ता एखाद्या महिन्यात सतरा तारखेला गेला, तर ते बारा दिवसही हिशेबात येतात.

दर महिन्याला न चुकता ठरावीक रक्कम भरणाऱ्यालाही हा दर हवाच, पण ज्याचं उत्पन्न सारखं नाही त्याचं याच्याशिवाय पानच हलत नाही. शिवणकाम करणारी बाई, लग्नसराईवर चालणारा केटरर, उसाच्या बिलाची वाट पाहणारा शेतकरी, यांची गुंतवणूक ठरावीक हप्त्यांत बसत नाही. काही महिने कोरडे जातात, दिवाळीत मोठी रक्कम येते, जूनमध्ये शाळेच्या फीसाठी काढावी लागते. अशा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची दोन वर्षांची नोंद कल्पू. शीटमध्ये ती अशी दिसेल:

```
     A            B
1    Date         Amount
2    2023-04-05   -10000
3    2023-05-05   -10000
4    2023-06-05   -10000
5    2023-11-20   -60000
6    2024-01-05   -10000
7    2024-06-10    30000
8    2024-11-05   -40000
9    2025-04-05   128000

=XIRR(B2:B9,A2:A9)
```

आपल्या खिशातून गेलेले पैसे वजा चिन्हाने, खिशात आलेले अधिक चिन्हाने. जून २०२४ मधले तीस हजार त्यांनी फीसाठी काढले, म्हणून ते अधिक. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. ५ एप्रिल २०२५ ला त्यांनी काहीही काढलेलं नाही, पण त्या दिवशी युनिट विकले असते तर जे आले असते ते, म्हणजे १,२८,०००, आल्यासारखे लिहायचे. उत्तर १२ टक्के येतं.

आता हीच नोंद घेऊन बाकीचे आकडे काय सांगतात ते पाहा. बाईंनी एकूण १,४०,००० घातले. त्यांना मिळालेले आणि खात्यात असलेले मिळून १,५८,०००. फायदा अठरा हजार. घातलेल्या १,४०,०००वर तो १२.९ टक्के होतो. पण दुसरा कोणी म्हणेल, तीस हजार तर परत घेतले, म्हणजे गुंतलेले १,१०,०००च. त्यावर मोजलं तर १६.४ टक्के. एकाच व्यवहाराचे दोन ‘एकूण परतावे’, आणि दोघांनाही चूक म्हणता येत नाही. मग कोणी दोन वर्षांचा सीएजीआर काढतो. पहिल्या पायावर ६.२ टक्के येतो, दुसऱ्यावर ७.९. बाईंना वाटतं, मुदत ठेवीत ठेवले असते तर काय बिघडलं असतं? प्रत्यक्षात त्यांचे साठ हजार सोळाच महिने आणि चाळीस हजार पाचच महिने राबले होते, आणि त्या मानाने बारा टक्के हा चांगला दर आहे. त्यांच्या शंकेचं कारण गुंतवणुकीत नव्हतंच. त्यांची सगळी रक्कम जणू पूर्ण दोन वर्षं आत होती, असं धरून कोणीतरी हिशेब केला होता.

शीट स्वतः बनवायची तर काही ठिकाणी हमखास ठेच लागते. सगळ्यात जास्त चुका तारखांत होतात. शीटची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर आपण टाइप केलेली 05-06-2023 ही पाच जून, ती सहा मे म्हणून वाचते आणि उत्तर गुपचूप बदलतं, कुठेही लाल खूण दिसत नाही. म्हणून वर मी वर्ष आधी लिहिलं आहे. तारीख मजकूर म्हणून बसली तर निदान `#VALUE!` येऊन कळतं. शेवटची आजची किंमत लिहायची राहिली, किंवा सगळ्या रकमा एकाच चिन्हाने लिहिल्या, तर `#NUM!` येतं. गणिताला जाणारे आणि येणारे दोन्ही पैसे लागतात. पहिली रक्कम शून्य असेल तर काही एक्सेलमध्ये शून्य टक्के असं उत्तर दिसतं. ते खरं मानू नये.

रकमांचंही पथ्य आहे. बँक खात्यातून जितके गेले तितकेच लिहायचे. २०२० पासून फंडाच्या प्रत्येक खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापलं जातं. ते नगण्य असलं तरी आपल्या खिशातूनच गेलेलं असतं. लाभांश खात्यात जमा झाला तर तो अधिक चिन्हाने लिहावा. तो परत त्याच फंडात गुंतवला गेला असेल तर वेगळा लिहायचाच नाही, कारण तो शेवटच्या किमतीत आलेलाच असतो. दोनदा मोजला की दर फुगतो. आणि हे सगळं कर भरण्यापूर्वीचं आहे. करानंतरचा दर हवा असेल तर शेवटच्या ओळीतून देय कर वजा करूनच ती लिहावी.

हीच शीट विम्याच्या जुन्या पॉलिसीलाही लावून पाहावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. वर्षाला पन्नास हजार, वीस वर्षं, आणि शेवटी १८ लाख ४० हजार मिळणार, असं समजा. ‘दहा लाख भरा, दुप्पट होत आले’ असं हे विकलं जातं. टक्क्यांत तो ८४ टक्के परतावा आहे. वीस ओळी वजा चिन्हाने आणि एकविसावी अधिक चिन्हाने लिहिली की दर साडेपाच टक्के निघतो. यात आयुर्विम्याचं संरक्षण धरलेलं आहे, त्याची किंमत वेगळी काढावी लागेल हे मान्य. पण निवड करण्यापूर्वी ८४ ऐवजी साडेपाच हा आकडा समोर असणं ग्राहकाचा हक्क आहे. मनी-बॅक पॉलिसीत तर मधल्या वर्षी मिळालेल्या रकमांमुळे हाताने अंदाज करणंही अवघड, पण शीटला त्या नुसत्या आणखी काही ओळी आहेत.

एक्सआयआरआरकडून त्याच्या आवाक्याबाहेरचं मागू नये. एसआयपी सुरू करून महिना झाला, दहा हजारांचे दहा हजार चारशे झाले आणि ॲपवर ‘६० टक्के’ झळकले, असं होतं. गणित बरोबर आहे. महिन्याला चार टक्के ही गती बारा महिने चक्रवाढीने चालली तर वर्षाला साठ टक्के होतात. पण एका महिन्याच्या वाऱ्यावरून वर्षाचं भाकीत कोण करणार? चार टक्के घसरण झाली तर असाच भयानक उणे आकडा दिसतो आणि नवखा माणूस घाबरून बाहेर पडतो. पहिलं वर्षभर या रकान्याकडे पाहूच नये, रुपयांत काय झालं ते पाहावं.

शेवटच्या दिवसाची किंमत या दरावर फार अंमल गाजवते. ३१ मार्च २०१७ ला सेन्सेक्स २९,६२० होता आणि बरोबर तीन वर्षांनी, कोविडच्या पहिल्या तडाख्यात, ३१ मार्च २०२० ला २९,४६८. मधल्या काळात तो वर चढून आला होता. त्यामुळे या तीन वर्षांत दर महिन्याला सेन्सेक्सच्या इंडेक्स फंडात पैसे घालणाऱ्याचा, लाभांश न धरता, एक्सआयआरआर उणे होता. एका वर्षाने, ३१ मार्च २०२१ ला, निर्देशांक ४९,५०९ वर होता आणि त्याच माणसाचे तेच हप्ते चांगल्या नफ्यात होते. म्हणून दर काढताना एकाच दिवसावर विसंबू नये. सहा महिन्यांच्या अंतराने दोन-तीनदा काढून बघावा.

आणि हा दर आपल्या व्यवहाराचा असतो, फंडाचा नव्हे. शेजाऱ्याच्या एसआयपीचा दर १४ आणि आपला ११ दिसला, म्हणून त्याचा फंड चांगला असं ठरत नाही. कदाचित फंड एकच असेल आणि त्याने पडत्या बाजारात जास्त घातले असतील. फंडाची फंडाशी तुलना करायची तर एकाच कालावधीतला दोन्ही फंडांच्या एनएव्हीचा सीएजीआर ताडून पाहावा, कारण त्यात कोणी कधी पैसे घातले हा भाग येत नाही.

आपल्या बारा टक्क्यांना चांगलं म्हणायचं की नाही, हे जाणून घ्यायचा एक प्रामाणिक मार्ग आहे. आपल्या शीटशेजारी दुसरी शीट करावी. तारखा त्याच, रकमा त्याच, पण त्या एखाद्या साध्या निफ्टी इंडेक्स फंडात गेल्या असत्या असं धरावं. जुन्या तारखांची एनएव्ही ॲम्फीच्या संकेतस्थळावर मिळते. प्रत्येक रकमेला त्या दिवशीच्या एनएव्हीने भागलं की युनिट मिळतात, काढलेल्या रकमेचे युनिट वजा होतात, आणि उरलेल्या युनिटना आजच्या एनएव्हीने गुणलं की शेवटची ओळ तयार होते. मग दोन्ही शीटमध्ये XIRR काढावा. बाईंच्या नोंदीत आठच ओळी आहेत, तेव्हा हे अर्ध्या तासाचं काम आहे. पाच-सात वर्षांच्या हिशेबात आपला दर इंडेक्स फंडाच्या दराहून सातत्याने एक-दोन टक्के खाली दिसत असेल, तर फंड बदलण्याचा विचार करायला ते पुरेसं कारण आहे. दोन वर्षांच्या हिशेबातला अर्ध्या टक्क्याचा फरक मात्र मोजू नये.